मारुतीच्या आधी बकऱ्या

नूतनअक्का माइकसमोर उभी राहिली की शिरपुरात कोणाची बिशाद नाही मध्ये बोलायची. लग्न असो, निरोप समारंभ असो, गणेशोत्सवाचं बक्षीस वाटप असो, सूत्रसंचालन तिचंच. पाहुणे उशिरा आले तर ती तासभर सभा खेळवत ठेवते आणि लोकांना वाटतं, पाहुणे नाही आले तरी चालेल. नवरा नवल ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवतो आणि घरात मोजकं बोलतो. "सगळे शब्द तिच्याकडे गेले," असं तो स्वतःच सांगतो.

मी हितेंद्र, लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा माझा स्टुडिओ आहे. अक्काचा आवाज मी शंभर समारंभांतून ऐकला असेल, पण यंदाच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या आखाजीपर्यंत, तिने फिल्मसाठी कधीच लिहिलं नव्हतं. म्हणून तर एवढा गोंधळ झाला. आणि खरं सांगतो, एवढी मजा मला धंद्यात दुसऱ्यांदा आली नाही.

अक्काचं माहेर उमरदे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाने यंदा नाला खोल केला, रुंद केला, तीन बंधारे बांधले. श्रमदानाच्या शेवटच्या दिवशी अख्खं गाव नाल्यात उतरलं होतं. धुळ्याचा भूपेंद्र ड्रोन घेऊन आला आणि त्याने एकच लांब उड्डाण केलं. डोंगराच्या उतारावरून सुरुवात, मग नाल्याच्या अंगाने खाली, बंधाऱ्यांवरून, माणसांवरून, शेतांवरून गावात आणि शेवटी मारुतीच्या देवळावरून उंच वर. कुठे कट नाही, काही नाही.

आखाजीला सासरी गेलेल्या लेकी गावात येतात. त्यांना ही फिल्म दाखवायची, असं पाणी समितीने ठरवलं. समितीचे अध्यक्ष तोताराम आबा. फिल्मला आवाज द्यायला आबांनी अक्काला निरोप धाडला, "आपली लेक शे, तीच बोली."

अक्का हरखून गेली. ज्या मुलींबरोबर ती झोक्यावर गाणी म्हणाली, त्या सगळ्या समोर बसणार आणि आवाज हिचा. तिने झकास लिहिलं, सभेला लिहितात तसं. आधी ग्रामदैवत मारुतीराया, मग अध्यक्ष तोताराम आबा, मग देणगीदार मानाप्रमाणे, मग श्रमदान करणारे आणि शेवटी निसर्ग. आमच्याकडे मानाचा क्रम चुकला तर लोक पंगतीतून उठून जातात. अक्काच्या लिहिण्यात तो कधीच चुकत नाही. मी तिचा आवाज रेकॉर्ड केला आणि चित्रावर चढवला. आखाजी तोंडावर आली होती, म्हणून नीट न पाहताच समितीला दाखवायला घेऊन गेलो. गाढव मीच.

समाजमंदिरात पडदा लागला. डोंगराच्या उतारावर बकऱ्या चरताहेत आणि अक्काचा भारदस्त आवाज, "हेच ते आपलं जागृत देवस्थान!" कोणीतरी खुदकन हसलं. ड्रोन पुढे सरकला, डबक्यात एक म्हैस आरामात लोळत होती. आवाज म्हणाला, "या कार्याचे शिल्पकार, कर्तव्यदक्ष अध्यक्ष, माननीय तोताराम आबा!"

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. उपाध्यक्ष छगनभाऊ तर हसता हसता खुर्चीवरून घसरले.

आबांचा चेहरा तापल्या तव्यासारखा. "फोटू बदला," ते म्हणाले. "पहिले मारोती, मंग बाकीनं बठ्ठं."

फोटो बदलणार कसा? पुन्हा उडवायचं तर श्रमदान संपलेलं, नाल्यात चिटपाखरू नाही. तेव्हा मी अक्कल पाजळली. म्हटलं, फिल्म उलटी चालवू, म्हणजे देऊळ आधी येईल आणि डोंगर शेवटी! तिथेच लॅपटॉपवर उलटी करून दाखवली. देऊळ बरोबर आलं. अक्काने टाळी वाजवली. आबांची मान डोलली. मग ड्रोन नाल्यावर आला. म्हशी मागे मागे चालत होत्या, इथवर ठीक. पण काठावरची माती उडून टोपल्यांत जात होती, बायका त्या टोपल्या घेऊन उलट्या पावली नाल्यात उतरत होत्या आणि पोकलेन वरची माती आणून खड्ड्यात भरत होतं. अख्खं उमरदे मोठ्या उत्साहाने नाला बुजवत होतं.

"अरे, हाई खंदी राहिनात का बुजी राहिनात?" आबा ओरडले. "ऱ्हाऊ द्या ते बोलनं. गाना लावा. नही ते आखाजीना दिन सकाळे माले दखाडा, बरं व्हयनं ते ठेवसू."

म्हणजे आवाज नव्याने बसवायला मध्ये एकच दिवस. परत येताना गाडीत अक्काने लिहिलेले कागद घडी करून पिशवीत कोंबले. मग म्हणाली, "हितू, माझ्या माहेरात माझ्या आवाजाऐवजी डीजेची गाणी वाजली ना, तर मी पुढच्या आखाजीला तिकडे फिरकणार नाही." डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं, कारण अर्धी चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्टुडिओत हजर. जुने कागद तिने पिशवीतून काढलेच नाहीत. म्हणाली, "आवाज बंद कर. नुसतं चित्र लाव."

पाहिलं. परत पाहिलं. मग ती चित्राबरोबर पुटपुटायला लागली आणि एकाएकी माझ्या पाठीत धपाटा घातला. "अरे, सभेत लोक बसलेले असतात आणि मी त्यांना एकेक माणूस दाखवते. इथे लोक उडताहेत! मी त्यांच्या पुढे जाऊन चालणार नाही की मागे राहून चालणार नाही. बरोबर उडायचं."

मग काय विचारता! प्रत्येक गोष्ट पडद्यावर कधी शिरते आणि कधी बाहेर जाते, ते मी सांगायचो आणि ती तेवढ्यात बसेल एवढंच बोलायची. पहिला बंधारा आला. तिचं वाक्य होतं, "गावकऱ्यांच्या अथक परिश्रमांतून साकारलेला हा पहिला बंधारा." 'बंधारा' म्हणेपर्यंत तो गेलेला असायचा. तिने केलं, "हा पहिला बंधारा. अजून पाणी आहे." पुढे पाणी चमकतं, तिथे गप्प. मी खुर्चीवरून उठलोच. एकदम जमलं होतं!

ड्रोन खाली उतरला की जमीन सर्रकन पळते, तिथे दोनच शब्द. उंच गेला की सगळं संथ होतं, तिथे ऐसपैस वाक्य. दुसऱ्या बंधाऱ्यापाशी भूपेंद्रने वळण घेतलं होतं आणि आधी डावीकडे असलेला काठ उजवीकडे गेला होता. अक्काचं 'डावीकडे' तिथे खोटं पडत होतं. तिने डावं-उजवं सगळं फेकून दिलं आणि 'डोंगराकडचा काठ', 'गावाकडचा काठ' असं धरलं. गावात तरी लोक दुसरं काय म्हणतात?

गावावर आलो तर तीच गोंधळली. "हे कोणाचं घर रे?" लहानपण गेलं त्या गल्लीत, पण वरून नुसते पत्रे आणि स्लॅब. "मलाच कळत नाही तर बायकांना काय कळणार? आधी डोळ्याला खूण द्यायला हवी." म्हणून मग, "ही निळी टाकी. टाकीमागे भिलांची वस्ती. वडाला वळलं की आपली गल्ली." नाव आधी घेऊन लोकांना शोधायला लावायचं नाही, खूण दाखवायची आणि मग नाव.

मी विचारलं, "आणि मानाचं काय?"

"देणगीदारांची नावं शेवटच्या पाटीवर, क्रमाने, मोठ्या अक्षरांत. मारुतीराया शेवटी येतो तर येऊ दे. वाट चालूनच जातो ना आपण त्याच्याकडे?"

आबांचं नाव तिने पोकलेनवर ठेवलं, कारण त्याचं डिझेल आबांनी दिलं होतं. "पोकलेन चाललं ते तोताराम आबांच्या डिझेलवर." तिथे चित्र थोडं रेंगाळतं, वाक्य मोजून बसलं. संध्याकाळपर्यंत सगळं रेकॉर्ड झालं. मी नाचायचाच बाकी होतो. अक्काला मात्र एकच धाकधूक, आबा काय म्हणतील.

आखाजीच्या सकाळी समाजमंदिरात फक्त समिती. बकऱ्या आल्या, आवाज म्हणाला, "पाणी इथून निघतं." आबांनी भुवया चढवल्या. मारुती नाही? बंधारा आला, पाणी चमकलं. छगनभाऊ पुढे सरकून बसले. नाला आला, माणसं आली आणि आबा ताडकन उभे राहिले.

"ती देख! ती देख, आपली वच्छला!"

वच्छलाबाई म्हणजे आबांची बायको. काठावरून एक बाई टोपली घेऊन चढत होती. चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, वरून नुसतं हिरवं लुगडं. "टोपली डोकावर लेत नही ती. कंबरले लावस, वाकडी चालस. तीच शे! दोनदा येल शे, देख, परत उनी!" आबा पडद्यापाशी जाऊन बोट दाखवत होते आणि त्यांच्या बोटाची सावली पोकलेनवर पडली होती.

देऊळ आलं, ड्रोन वर गेला, फिल्म संपली. आबा खुर्चीवर टेकले. मग आठवलं.

"मनं नाव उनं का?"

"आलं आबा," अक्का म्हणाली.

"माले ऐकू कसं उनं नही?"

"तुम्ही बोलत होतात."

छगनभाऊंनी तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस गाणी लावायला सांगणार! आबा उठून पुन्हा पडद्यापाशी गेले.

"नूतन," ते म्हणाले, "मनं नाव काढी टाक. तठे तिनं ले."

स्वतःच्या नावाच्या जागी आबांना बायकोचं नाव हवं होतं. आबांच्याच घरी मागच्या खोलीत, बाहेरचा गलका येऊ नये म्हणून आम्ही गोधड्या अंगावर ओढून, घामाघूम होत ते एक वाक्य रेकॉर्ड केलं. चार वेळा घ्यावं लागलं, तेव्हा कुठे अक्काचं समाधान झालं.

दुपारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. लेकी, नाती, सुना, कडेवरची पोरं. टाकी दिसली की ओरडा, वड दिसला की ओरडा. पण त्याच्याही आधी नाला आला. हिरवं लुगडं काठ चढू लागलं आणि अक्काचा आवाज हळूच म्हणाला, "टोपली कमरेला. या आपल्या वच्छलाबाई." पुढे ती दुसऱ्यांदा येईपर्यंत आवाज नाही. सगळ्या सभेने मागे वळून पाहिलं.

वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. फिल्म संपल्यावर त्यांनी अक्काचा हात पकडला आणि म्हणाल्या, "माय वं, इतला वरथून वळखं तू माले?"

"मी नाही, काकू," अक्का म्हणाली. "आबांनी ओळखलं."

वच्छलाबाईंनी दाराकडे पाहिलं. आबा तिथे चपला शोधण्याचं सोंग करत वाकले होते.