शेरवानीत कोंडलेला नवरदेव

आता हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि सुटा! माझ्या लग्नाची गोष्ट आहे, आणि तिच्यात माझी इतकी फजिती झाली की बायको आजही पाहुण्यांना ती सांगायला टपलेली असते. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी पारनेर तालुक्यात शाळामास्तर. आमच्याकडे तेव्हा नवरदेव म्हणजे धोतर, कोट आणि फेटा. पण मला शेरवानी हवी! नगरला एका फोटो स्टुडिओच्या काचेत एक नवरदेव पाहिला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, अगदी संस्थानिक. तेव्हापासून डोक्यात तेच. नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे करतात, म्हणून साखरपुड्यात मी तसं सुचवलं. मुलगी श्रीगोंद्याची, नाव सुमन. तिचे मामा लगेच टेप घेऊन उभे राहिले.

आणि इथंच मी माती खाल्ली. पलीकडं दाराआड बांगड्या वाजत होत्या हो! माणूस काय करेल? पोट आत ओढलं, श्वास कोंडला आणि छाती-पोटाचं माप दिलं. मामा म्हणाले, "पाव्हणं लईच सडपातळ हायत." मी खूश!

त्यानंतर सुरू झाली केळवणं. आत्याकडं, मावशीकडं, चुलत्याकडं, हेडमास्तरांकडं. केळवणात नवरदेवानं 'पुरे' म्हटलं तरी ते कोण ऐकतं? पुरणपोळीवर तुपाची धार, वर शिकरण, वर आग्रह. मीही कुणाचं मन मोडलं नाही.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि सकाळच्या एस.टी.नं मामा शेरवानी घेऊन आले. मोतिया रंगाचं कापड, आत सॅटिनचं अस्तर, बटणं चकाकणारी. मी ती घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि दाराची वरची कडी लावली. ही कडी लक्षात ठेवा.

हात घातले. बाह्या जरा कुरकुरल्या. श्वास सोडून खालून एकेक बटण लावत गेलो. शेवटी गळ्याचा हूकही बसवला. मग श्वास घेतला. म्हणजे, घ्यायला गेलो. घेताच येईना!

बटणं काढावीत, तर कापड इतकं ताणलेलं की काजातून बटण सुटेना. हूक काढावा, तर तो गळ्यात रुतून बसलेला. दार उघडावं, तर कडी वर आणि बगल इतकी घट्ट की हात खांद्याच्या वर जाईना. स्वतःच्याच कपड्यात कैद झालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?

बाहेरून आई म्हणाली, "अरे, दाखव की!"

"येत नाही मी बाहेर!" मी ओरडलो. दम नव्हता, त्यामुळं आवाज भलताच रागीट निघाला.

मग मामांची कुजबूज ऐकू आली. "ताई, पाव्हणं रुसलं की काय?"

आता हे बघा, आपल्याकडं नवरदेव रुसतो म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक. काहीतरी पाहिजे असतं! मामा दाराशी आले. "पाव्हणं, घड्याळाचं मनात हाय व्हय? करू की आपुन."

मी गप्प. बोलायला हवा कुठं होती?

"बरं, रेडिओ?"

मी कण्हलो.

"अवो, मग सायकल! पर आता ह्याच्या म्होरं आमची ऐपत न्हाई बघा." त्यांचा आवाज कापत होता. आई रडकुंडीला आली. "अरे, असं तोडू नको रे जुळलेलं! तुला लाज वाटत नाही का मागायला?"

खरं सांगायला काय हरकत होती? पण 'मी फुगलोय' हे मुलीच्या मामाला कसं सांगणार? मग मी तेच केलं जे अडकलेला माणूस करतो. दोष दुसऱ्यावर ढकलला. "मला काही नको! ज्या गाढवानं ही शेरवानी शिवली त्याला माझ्यासमोर उभा करा! हातात कात्री धरायची अक्कल नाही! गोणपाट शिवायला ठेवा त्याला! मी हिच्यात अडकलोय!"

मामांनी फटीतून खुरपं घालून कडी उचलली. मला पाहिलं. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. पुढं येऊन त्यांनी हूक काढला, माझं पोट दाबून एकेक बटण सोडवलं. मी पोटभर श्वास घेतला आणि पुन्हा म्हणालो, "कोण आहे हा शिंपी?"

मामा म्हणाले, "शिंपी कुठला? आमच्या सुमीनं शिवलीया. नगरला शिवणाचा क्लास केलाय तिनं. रोज संध्याकाळी मशीनवर बसायची पोर. तुमी बोलल्यालं तिला सांगायला माझी काय जीभ उचलायची न्हाई. तुमीच चला."

मला दरदरून घाम फुटला. खरंच सांगतो, ती लग्नालाच नाही म्हणाली तर, हीच भीती. दुपारच्या गाडीनं श्रीगोंद्याला निघालो, शेरवानी मांडीवर.

लग्न दोन दिवसांवर असताना नवरीचं तोंड कसं पाहणार? म्हणून दाराला पडदा. ती आत मशीनपाशी, मी बाहेर आणि मध्ये मामा, टाचण्या घेऊन. पडद्याआडून पहिला प्रश्न आला, "मामा, त्यांना विचारा, माप देताना पोट आत घेतलं होतं का?"

मामा माझ्याकडं वळले, "सुमी विचारतीया—"

"हो," मी म्हणालो. "घेतलं होतं. आणि शिवणाऱ्याला नको ते बोललो. माझं चुकलं."

आत मशीन थांबलं. मग ती खुदकन हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग कामाला लागली. अस्तर खालून सोडवलं, दोन्ही कुशींची शिवण उसवली. शिवणीच्या आत तिनं दोन-दोन बोटं कापड राखलं होतं, त्यातलं दीड बोट बाहेर काढलं. कच्चा धावदोरा घालून शेरवानी मला घालायला पाठवली. मामांनी ढिलं-घट्ट बघून टाचण्या लावल्या, त्यातली एक थेट माझ्या कुशीत! मग मशीनची पक्की टीप. बटणं काठाकडं सरकवली. जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती, त्यांच्यावर ओलं फडकं ठेवून कोळशाची इस्त्री फिरवली, ती मिटली.

बगल मात्र सोडता येईना, आत कापडच पुरेसं नव्हतं. मग उरलेल्या तुकड्यातून पतंगाच्या आकाराचा एकेक तुकडा कापून दोन्ही बगलांत घातला. तेवढ्यात चुडा भरायला कासारीण आली. कोपरापर्यंत बांगड्या भरल्यावर मशीन कसं चालवणार? काय केलं कोण जाणे, पण शेरवानी तयार होऊन बाहेर आली आणि अंगाला अगदी चपखल बसली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. हार घालायची वेळ आली आणि पोरांनी गलका केला, "उचला नवरीला!" तुम्हाला माहितीय, नवरीला उचलायचं म्हणजे नवरदेवाला टाचा वर करून हार घालावा लागतो. मामांनी तिला कमरेला धरून उचललं. मीही तोऱ्यात हार वर धरला. बगलेत बारीकसं 'टर्र' झालं!

सुमननं मामांच्या कानाशी तोंड नेलं. "खाली ठेवा मामा, बगलेला हातशिलाईच हाय!"

मामांनी तिला झटक्यात खाली ठेवलं. आणि तिनं मान अशी खाली घातली, इतकी खाली, की मला हात छातीच्याही वर न्यावा लागला नाही. हार गळ्यात पडला.

मांडवातल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "बघा गं, किती लाजाळू पोर!"

लाजाळू? ती कशाची लाजतेय! माझीच लाज राखायला वाकली होती.