शेजारच्या गारव्याचं बिल

चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिच्यासोबत राहणारी नर्स तिला 'चष्मेवाली'च म्हणे. दोघी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत. समोरच्या, त्याच घरमालकाच्या फ्लॅटमध्ये तरुण जोडपं होतं आणि त्यांचा एसी दिवसभर चालू. त्यांचं दार उघडून जिन्यात गार झुळूक आली, की चष्मेवालीच्या पोटात दुखायचं. त्यात शेजारीण एकदा म्हणाली, "आम्हाला बिल फारसं येत नाही बाई. जपून वापरतो ना."

यांचं बिल मात्र फुगलेलं. घरमालक दर महिन्याला नुसता आकडा कळवायचा, दोघी निम्मं निम्मं भरायच्या.

"तुझ्या गिझरचे प्रताप," चष्मेवाली म्हणाली. "तुला पगार बरा आहे, तुला काय झळ लागणार?"

नर्सनं महिनाभर थंड पाण्यानं अंघोळ केली. बिल तसंच. मग तिनं मालकाकडून मूळ बिलाचा फोटो मागवला आणि रविवारी दुपारी दोघी तळमजल्यावर गेल्या. बिलावरचा क्रमांक असलेला मीटर सापडला, त्यावर रंगानं यांच्याच फ्लॅटचा नंबरही लिहिलेला होता.

"थांब इथेच," म्हणत नर्स वर गेली आणि तिनं घराचा मेन स्विच पाडला. त्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. शेजारच्या मीटरचा मात्र थांबला. नर्स खाली येऊन मीटरपाशी थांबली. चष्मेवालीनं वर जाऊन समोरच्यांना मिनिटभर मेन बंद करायला लावला, तेव्हा पहिला दिवाही थांबला.

मालक आला, मीटर पाहून ओशाळला. "मीटर बदलले तेव्हा नंबर मीच रंगवले. उलटे रंगवले."

वीज कंपनीच्या कार्यालयात सांगितलं, की दोन्ही मीटरची रीडिंग आणि बिलं बरोबर आहेत; कोणतं बिल कुणाला दिलं, ते मालकानं निस्तरावं. मालकानं चौदा महिन्यांची दोन्ही घरांची बिलं समोरासमोर ठेवली, दर महिन्याचा फरक काढला आणि यांच्या भाड्यातून वळता केला. समोरच्यांकडून तो हप्त्यानं घेणार होता.

शेजारणीचा चेहरा उतरलेला पाहून चष्मेवाली दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी दुकानातून परतताना तिनं खालून पाहिलं, तर एसी बंद होता आणि ती दोघं बाल्कनीत खुर्च्या टाकून, वर्तमानपत्रानं एकमेकांना वारा घालत हसत होती. तिला पुन्हा तसंच डाचलं. म्हणजे हेवा त्या गारव्याचा नव्हताच.

ती घरात आली. नर्स ड्यूटीला निघाली होती.

"मला तुझ्या पगाराचाही हेवा वाटायचा," चष्मेवाली म्हणाली. "म्हणून गिझरवर ढकललं."

नर्स बुटाची नाडी बांधत होती. "माहीत होतं. मला तुझ्या रविवारच्या सुट्टीचा वाटतो. अजूनही वाटतो."

एवढं बोलून ती कामाला गेली.