उलटे ठेवलेले दोन हिरे

मुलाने साखरपुड्याच्या अंगठीसाठी मोबाइलवरून हिरा मागवला, तेव्हाच मी ठरवलं की तो फसलाय. कशात, एवढंच शोधायचं बाकी होतं. सर्जापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटवर डबी कुरिअरने आली. हिरा काय डोशाच्या पिठासारखा दारात येतो?

"आई, सर्टिफिकेट आहे. नाही आवडला तर महिन्याच्या आत परत घेतात."

"परत घेतात? म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय."

त्याचा चेहरा उतरला. स्वतः निवडलेला हिरा होणाऱ्या बायकोच्या बोटात जावा एवढीच त्याची हौस, आणि आईच संशय घेत होती. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटल्याने माझा संशय थांबत नाही.

शनिवारी मी त्याला मल्लेश्वरमला आमच्या सोनाराकडे नेलं. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक दागिना अण्णांच्या पेढीवरचा. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. मला ते अक्का म्हणतात. त्यांच्याकडे मी कधी पावतीसुद्धा मागितली नव्हती.

अण्णांनी भिंगाखाली मुलाचा हिरा फिरवला. कडेवर लेसरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळला. "सरी, बरोबर. कागद याचाच आहे," म्हणत त्यांनी तिजोरीतून स्वतःचा एक हिरा काढला, त्याचं सर्टिफिकेट शेजारी मांडलं. "आता हे वाचा अक्का. तुमचा त्र्याण्णव सेंट, म्हणजे कॅरटला सात कमी, आमचा एक कॅरटच्या वर. तुमचा रंग एच, आमचा जी. तुमचा व्हीएस टू, आमचा व्हीएस वन, म्हणजे आत डाग आणखी कमी. दीड लाख जास्त, पण वस्तू बघा."

रंगाची अक्षरं डीपासून पुढे जातात तसा पिवळेपणा वाढतो, हे मला ठाऊक होतं. कागदावर अण्णांचा हिरा सरस होता. मी मुलाकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं.

"पैलूंचा कटही वाच ना," तो पुटपुटला. "माझा एक्सलंट आहे. त्यांचा नुसता व्हेरी गुड."

मी दोन्ही कागदांवरची मापं पाहिली. रुंदी जवळजवळ सारखीच. अण्णांच्या हिऱ्याची खोली मात्र जास्त. म्हणजे जास्तीचं वजन पोटात होतं. बोटात घातल्यावर ते दिसणार कुठे? आणि मग लक्षात आलं, दोन्ही सर्टिफिकेटं वेगवेगळ्या लॅबची होती.

नोकरीची सगळी वर्षं मी सरकारी कारखान्यात रंगाच्या तपासणीत काढली. छटेवर लिहिलेला नंबर आम्ही कधी प्रमाण मानला नाही. नमुन्याशेजारी नमुना ठेवायचा, तोही दिवसाच्या उजेडात. इथे तर डोक्यावर दिव्यांची रांग, त्यात मिठाचा खडासुद्धा चमकला असता.

"अण्णा, दोन्ही उलटे ठेवून दाराशी बघू या?"

"स्वल्प थांबा अक्का, दिव्यात जास्त चांगलं..."

"दिव्यात नको."

ते थांबले. दुसरा कुणी सोनार असता तर त्या थांबण्याचा मला आनंदच झाला असता.

दाराजवळ, ऊन येणार नाही अशा जागी त्यांनी पांढरा कागद दुमडला आणि त्याच्या घडीत दोन्ही हिरे पालथे ठेवले. सुलटा हिरा चमकून रंग लपवतो, पालथा लपवू शकत नाही. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मुलाचा 'एच' पांढरा होता. अण्णांचा 'जी' त्याच्याशेजारी स्पष्ट पिवळसर दिसत होता.

"तुमची लॅब रंग ठरवताना हात सैल सोडते," मी म्हणाले.

"लॅबनुसार नजर बदलते, अक्का."

"तुम्हाला माहीत होतं?"

अण्णांनी चिमट्याने आपला हिरा उचलून पुडीत बांधला. "असे हिरे सगळेच विकतात," ते म्हणाले. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, अजूनही.

मुलगा 'सांगितलं होतं ना' असं म्हणू शकला असता, म्हणाला नाही. त्याचा मला फार अभिमान वाटला. वातावरण निवळावं म्हणून तोच म्हणाला, "अण्णा, माझा हिरा तुम्हीच बसवून द्या ना. आईला बरं वाटेल."

"देतो की. मजुरीही नको. अंगठीचे माउंट तयार आहेत, वर कारागीर आहे. ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा."

आजवर मी सगळं असंच ठेवून गेले होते. लेकीच्या बांगड्या, सासूबाईंची मोडीत काढलेली वाकी, माझं मंगळसूत्र.

"मी थांबते," मी म्हणाले. "कारागिराला खाली बोलवा, इथेच माझ्यासमोर बसवू दे. झाल्यावर भिंगातून नंबर पुन्हा बघू."

मला वाटलं, ते चिडतील. ते चिडावेत असंच मला वाटत होतं, निर्दोष माणूस चिडतो. अण्णांनी खांद्यावरच्या पंच्याने एक स्टूल पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.