बुचाखालचा वास

पेट-नॅट हा शब्द मी पहिल्यांदा घरी उच्चारला तेव्हा आई म्हणाली, "हे कुठल्या औषधाचं नाव?" तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात द्राक्षाच्या संबंधाने जे काही नवीन नाव येतं ते बहुतेक फवारणीचंच असतं.

मी दिंडोरीच्या बाजूला एका लहान वायनरीत काम करते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवली आणि दारूच्या थेंबाला कधी बोट लावलं नाही. माझ्या हट्टापायी त्यांनी अर्ध्या एकरात चेनिन ब्लाँ ही वाईनची जात लावली. तिला चांगलं फळ लागलं त्या वर्षी मी मालकांकडे एक छोटी टाकी मागून घेतली. मला पेट-नॅट, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, करून बघायची होती. मालक म्हणाले, "एकदाच. जमलं तर दरवर्षी तुझी टाकी. नाही जमलं तर नेहमीची कामं."

पेट-नॅटची गंमत अशी की ती अर्धवट असतानाच बाटलीत भरायची. रस टाकीत आंबत असतो, यीस्ट साखर खात असतं, आणि लिटरमागे दहाएक ग्रॅम साखर उरली की बाटल्या भरून सोडावॉटरला असतं तसं पत्र्याचं बूच ठोकायचं. उरलेली साखर यीस्ट आत बसून संपवतं. त्यातून जो वायू निघतो त्याला बाहेर जायला वाट नसते, तो वाईनमध्येच मुरतो. गाळही तिथेच राहतो, म्हणून ती ढगाळ दिसते. लवकर भरली तर बाटली फुटायची भीती, उशिरा भरली तर बुडबुडाच नाही. मला हे फार आवडायचं. एकदा बूच लागलं की आपल्या हातात काही उरत नाही, हे तर जास्तच आवडायचं. त्यातला धोका मला तेव्हा कळला नव्हता.

दादांना मी बजावलं होतं, तोडणीच्या आधी महिनाभर गंधक नको. गंधक द्राक्षावर राहिलं की यीस्ट त्याचा सडक्या अंड्याचा वास करतं. ते म्हणाले, "बरं." पण त्या जानेवारीत थंडी आणि दव लांबलं, आणि अशा हवेत वेलीवर भुरी, पांढरी बुरशी, येते. तिच्यावर औषध गंधकाचंच. भुरी दिसली आणि द्राक्षवाला माणूस शांत बसला, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

तोडणीच्या सकाळी क्रेट वायनरीत आले. दादा स्वतः पिकअपमधून आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि धुतलेली टोपी घालून, जणू पोरीच्या साखरपुड्याला आले आहेत. माल तपासून घ्यायचं काम माझंच. मी एक घड उचलला. मण्यांच्या खोबणीत पांढुरका थर होता. अंगठ्याने पुसला आणि हुंगला. काडेपेटीचा वास.

दुसऱ्या कुणाचा माल असता तर मी सरळ परत पाठवला असता, किंवा निदान विचारलं तरी असतं. दादा माझ्याकडे बघत होते. मी घड खाली ठेवला आणि पावतीवर "ठीक" लिहून सही केली.

पुढे आणखी एक शहाणपणा केला. रस रात्रभर गार ठेवून गाळ खाली बसू दिला असता तर बरंच गंधक त्याच्याबरोबर गेलं असतं. पण मला ढगाळ वाईन हवी होती, म्हणून तो गाळासकटच आंबायला ठेवला. टाकीवर अधूनमधून थोडा वास यायचा. निघणाऱ्या वायूबरोबर तो उडून जातोय अशी मी स्वतःची समजूत काढत राहिले. साखर दिवसातून तीनदा मोजली, वेळेवर बाटल्या भरल्या, दोनशे चाळीस. सगळं अगदी पुस्तकात असावं तसं. मग मी त्या वासावर स्वतःच्या हाताने बूच ठोकलं.

महिन्याभराने पहिली बाटली उघडली. बुडबुडे सुरेख, रंग फिकट सोनेरी, आणि वास असा की शेजारी उभा असलेला फोरमन दोन पावलं मागे सरकला. आणखी पाच उघडल्या. सगळ्यांची तीच तऱ्हा. ग्लासमध्ये मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाकून हलवलं तर वास लगेच गेला. मोरचूद फक्त सडक्या अंड्याचाच वास मारतं, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. मालकांनी विचारलं, "कशाने?" मी म्हटलं, "यीस्टला खाद्य कमी पडलं असेल." तसंही होऊ शकतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, सगळ्या उघड, परत टाकीत ओत, उरलीसुरली साखर संपू दे, मोरचूद देऊन साध्या पांढऱ्या वाईनमध्ये मिसळू. म्हणजे पेट-नॅट संपली. मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचा रागही आला.

घरी फोनवर सांगितलं, यीस्टचंच कारण देऊन, तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "किती बाटल्या हायेत?" आणि रविवारी हजर झाले.

बाटल्या आधी खूप गार करून ठेवल्या होत्या, नाहीतर उघडताच अर्धी वाईन छतावर जाते. दादांना मी चष्मा आणि जाड हातमोजे दिले. त्यांनी पहिलं बूच काढलं, फुस्स झालं, आणि त्यांनी बाटली नाकाशी नेली.

"हे यीस्टचं नाय," ते म्हणाले.

मी दुसरी बाटली ओतत होते, ती ओतत राहिले.

"तोडणीच्या आठ दिस आधी एक हात मारला व्हता गंधकाचा. भुरी दिसली. तुझं पहिलंच काम, माल काळा पडला तर लोक काय म्हनतील, म्हनून भ्यालो. तुला दिसलं नाय का?"

"दिसलं होतं."

"मंग?"

"तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता," मी म्हटलं. माझ्या कानालाही ते बावळट वाटलं, पण खरं तेच होतं.

दादांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. वायूने झोंबले असतील असं म्हणायची सोय होती, पण आम्ही दोघांनीही तसं म्हटलं नाही.

दुपारपर्यंत दोनशे चौतीस बाटल्या रिकाम्या झाल्या. मी हात धुतले आणि मालकांच्या खोलीकडे निघाले. दादा न विचारता मागून आले. मी सगळं सांगितलं, माल बघूनही मी तो आत घेतला, हेसुद्धा. यीस्टचं खोटं बोलले होते, तेही.

"टाकी एकदाच म्हटलं होतं," मालक म्हणाले. "पण खरं सांगितलंस, तर पुढच्या वर्षी आणखी एकदा. फक्त यांचा माल तपासायला मी दुसरं कुणी ठेवीन."

मी मान खाली घातली. हेच योग्य होतं, आणि मला सुटल्यासारखंही वाटलं.

"दुसरं कशाला?" दादा म्हणाले. टोपी त्यांनी हातात धरली होती. "तीच तपासंल. खराब दिसला तर परत धाडंल. मी घिऊन जाईन."