बंद घराचा आकडा

सासरे विजेचे मीटर रीडर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गल्लीत अजून 'मीटरवाले'च. पूर्वी घराला कुलूप असलं की मागच्या महिन्यांची सरासरी टाकून पुढं जायचे. "बंद घराचा आकडा असाच काढतात," हे छाती फुगवून सांगायचे. आता वही त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाची होती आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करायची होती. इथं कुठलं कुलूप असणार? पण खोड जाते थोडीच!

उद्या डॉक्टरांकडं जायचं, म्हणून सून चार आठवड्यांचा तक्ता करायला बसली. औषधाचा डोस यावरूनच ठरणार होता. एकूण सरासरी आली १३६ वर ८५. काठावरच, फार काही नाही.

मग तिनं सकाळ वेगळी काढली: १४२, १४७, १५३, १५८. दर आठवड्याला वर. संध्याकाळ मात्र चारही आठवडे १२२, एकसारखी. माणसाचा रक्तदाब इतका शहाण्यासारखा वागतो होय?

तिनं मशीनची मेमरी उघडली. तिथं प्रत्येक मोजणीची तारीख आणि वेळ असते. सकाळचे आकडे वहीशी जुळले. संध्याकाळची नोंद एकच, पहिल्या दिवसाची: १८२ वर १०८.

"बाबा, बाकीच्या संध्याकाळी?"

ते खिडकीकडं बघू लागले. "अगं, तो आकडा वहीत लिहवेना. मग मोजलंच नाही. पहिल्या दिवसापासून गेल्या वर्षीच्या वहीची सरासरी टाकली."

"पण घर बंद नव्हतं ना, बाबा! तुम्ही आत होता!" तिला रडूच फुटलं. राग आला आणि माणसाची कीवही आली.

आतून सासूबाई म्हणाल्या, "काल संध्याकाळी यांच्या हातून कप पडला. म्हणाले, कपाचा कानच निसरडा होता."

सून चरकली. घड्याळात सात वाजले होते. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा दंडाला. पाच मिनिटं थांबून तिनं बटण दाबलं. १९४ वर ११२. मिनिटभरानं पुन्हा: १९२ वर ११०.

"आता खरा आकडा लिहा," ती म्हणाली. तिला त्यांच्याच हातची नोंद हवी होती.

मीटरवाल्यांनी पेन उचललं. तीस वर्षं आकडे लिहिलेला तो हात. १९ लिहिलं, आणि पेन बोटांतून गळून पडलं. ते बोटांकडं बघत राहिले.

"निस... निसरडं," ते कसेबसे म्हणाले. तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता.

सुनेनं फोन लावला आणि रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. मग वहीत, त्या अर्धवट १९ च्या शेजारी, वेळ लिहिली: सात वाजून अकरा मिनिटं. हे कधी सुरू झालं, हाच पहिला प्रश्न रुग्णालयात विचारतील, हे तिला ठाऊक होतं.