वॉर्ड सोपवून घरी जाणारी बाई

आत्याला आत्या म्हणणारी सख्खी भाची एकच होती, पण सगळा दवाखानाच तिला आत्या म्हणायचा. झाडूवालाही म्हणायचा, डॉक्टरही म्हणायचे.

ती तिथे आली तेव्हा त्या जागेला दवाखाना म्हणणंही जड गेलं असतं. लांबट दगडी ओसरी, जमिनीवर गवताच्या गाद्या, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. धर्मादाय पैशातून ती चालायची. ज्यांना घर नाही, किंवा असून घरात जागा नाही, असे आजारी तिथे यायचे. त्यांची उस्तवार करायला ज्या बाया होत्या, त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. कुणी नवऱ्यामागे उरलेली, कुणी सासरी नकोशी झालेली. पगार नाही. दोन वेळचं जेवण, वर्षाला लुगडी, आणि पुण्य. आत्या सांगायची, पुण्य तेवढं पोटभर मिळायचं.

शिकवलं कुणी नाही. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे ती आधीच्या बाईकडे बघून शिकली. तापाची चढउतार हाताच्या पालथ्या बाजूने ओळखायची. आणि त्या ओसरीची एक रीत होती, ती तिने जिवापाड पाळली. ज्या बाईने आजाऱ्याला पहिलं पाणी पाजलं, तो आजारी तिचा. तो उठून घरी जाईपर्यंत किंवा डोळे मिटेपर्यंत तीच त्याची. तिने त्याच्याच उशाशी झोपायचं, तिथेच जेवायचं. दुसरीने हात लावायचा नाही. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

मग साथ आली आणि ओसरी पुरेना. माणसं पटापट गेली, त्यांच्यामागे दोन बायाही गेल्या. विश्वस्तांनी पहिल्यांदाच बाहेरून शिकलेली मेट्रन आणली. तिने खिडक्या मोठ्या करून घेतल्या, गवताच्या गाद्या जाळल्या, हात धुवायला प्रत्येक दाराशी भांडं ठेवलं. मागच्या खोल्यांत तिने नर्सिंगची शाळा काढली. तीन वर्षांचा अभ्यास, शरीराची रचना, औषधांची मात्रा, स्वच्छता. सकाळी वॉर्ड, दुपारी पाठ. आत्याच्या भावाची मुलगी त्या शाळेत जाते म्हणाली, तेव्हा भावाने घर डोक्यावर घेतलं. आत्यानेच त्याला गप्प केलं. "माझ्यासारखी फुकट राबण्यापेक्षा पगार घेऊन राबू दे," म्हणाली.

तीच भाची पुढे मेट्रन झाली. आणि तिच्याच काळात कायदा आला.

कायद्यासाठी नर्सेसची संघटना कितीतरी वर्षं भांडत होती. काही डॉक्टरांना वाटायचं, शिकलेली नर्स प्रश्न विचारील. विश्वस्तांना वाटायचं, पगार मागेल. दोघांचंही खरं ठरलं. कायद्याने एक परिषद नेमली. परिषदेच्या नोंदवहीत जिचं नाव, तीच नर्स. नाव यायला मान्य शाळेचा अभ्यास आणि सरकारी परीक्षा. गंभीर चूक झाली तर परिषद चौकशी करणार, वेळ पडली तर नाव काढूनही टाकणार. जुन्या बायांसाठी मात्र एक दार उघडं ठेवलं होतं: आधीपासून काम करत असेल तिचं नाव परीक्षेविना लागेल, पण ठरल्या मुदतीत, आणि तिची मेट्रन तिच्या कामाबद्दल सही करील तरच. नाही लागलं, तर वॉर्डात औषध द्यायचं नाही, जखम बांधायची नाही. फार तर चादरी बदलायच्या.

"सहीचं काय एवढं," आत्या म्हणाली. "घरचंच पेन आहे."

भाची हसली नाही. सही पुढे ढकलत राहिली.

त्याच सुमाराला खाणीतला एक कामगार आला. दगडाखाली दोन्ही मांड्या चेचलेल्या. आत्याने त्याला पहिलं पाणी पाजलं. बसून राहिली, जागत राहिली. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिन लिहून दिलं होतं; ते तिने टोचलं. खाटेच्या तक्त्यावर औषध आणि वेळ लिहायची ओळ तिने नेहमीसारखी कोरीच ठेवली. माणूस तिचा होता, हिशोब तिच्या डोक्यात होता. मग डोळे उघडे राहीनात, आणि नव्या वॉर्डात उशाशी झोपू देत नसत, म्हणून ती शेजारच्या खोलीत जरा आडवी झाली.

माणूस कण्हू लागला. शिकाऊ मुलीने तक्ता बघितला. ओळ कोरी. तिने दुसरं इंजेक्शन दिलं.

आत्या उठून आली तेव्हा भरदुपारी वॉर्ड गप्प होता. कामगाराचे ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. एक श्वास घेतला की दुसरा येईल की नाही अशी वाट बघावी लागत होती. डॉक्टर धावत आले. त्याचे हात डोक्यावर नेऊन छातीवर आणत, आळीपाळीने, त्यांनी श्वास चालवला. गालावर चापट्या, हाका, पुन्हा हात. संध्याकाळी तो स्वतः शिव्या देऊ लागला, तेव्हा कुठे सगळे खाली बसले.

"पोरीने मला विचारायचं होतं," आत्या म्हणाली.

"कुठे विचारायचं?" मेट्रनने दार लावून घेतलं. "तू झोपली होतीस."

"उठवायचं होतं मग."

"आत्या, उद्या तू मेलीस तर? तेव्हाही उठवायचं?"

आत्या हळू म्हणाली, "आमच्या वेळी असं झालं असतं, तर देवाची मर्जी म्हणाले असते."

"म्हणाले असते. कितीदा म्हणाले असतील, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी एक विश्वस्त आले. वयस्कर, सज्जन माणूस. "मेट्रनबाई, मायेलासुद्धा आता सही लागणार का?"

"मायेला नाही लागत," ती म्हणाली. "सुईला लागते."

ते गेल्यावर ती आत्याकडे वळली. "मुदत संपायला थोडे दिवस आहेत. तू ठरल्या तासांची पाळी करशील. पाळी संपली की प्रत्येक खाटेपाशी उभी राहून पुढच्या नर्सला सांगशील, काय दिलं, केव्हा दिलं, काय बघायचं. लिहिशील. आणि घरी जाशील. हे मला दिसलं तर सही करीन. नाहीतर नाही करणार. बापाने बोलणं टाकलं तरी नाही."

"आणि माझा माणूस?"

"तो वॉर्डाचा माणूस."

आत्या ते शिकली, पण रडतखडत. लिहिताना बोटं आखडायची. सांगताना अर्धं गिळायची. शिकाऊ मुलगी, तीच ती, भीत भीत विचारायची, "आत्या, लघवी झाली का त्याला?" आणि आत्याला ते आपल्या घरात कुणी डब्यांत हात घातल्यासारखं वाटायचं.

कामगाराच्या जखमा चिघळल्या. रक्तात विष पसरलं. त्या काळी त्यावर फारसं काही हाती नव्हतं. एका संध्याकाळी आत्याची पाळी संपली. त्याने तिचा पदर धरला होता. "जाऊ नको."

तिच्या आयुष्यात ती अशा वेळी कधी उठली नव्हती.

तिने मुलीला बोलावलं. खाटेशी उभं राहून सांगितलं: ताप किती, नाडी कशी, शेवटचं मॉर्फिन केव्हा, पुढचं केव्हाच्या आत नाही. ओठ ओले ठेव. उजव्या कुशीवर त्याला कमी दुखतं. एकटं वाटलं की तो बहिणीला हाक मारतो, तेव्हा ओ दे. मग तिने पदर सोडवला, आणि ती बोटं मुलीच्या हातात दिली. मुलीने घट्ट धरली.

मेट्रन दाराशी उभी होती. 

आत्या घरी गेली. सकाळी आली तेव्हा खाट रिकामी होती, तक्ता भरलेला होता, शेवटच्या ओळीपर्यंत. तिने तो वाचला, बोट ठेवून, सावकाश. मग मुलीला विचारलं, "बहिणीला हाक मारली?"

"मारली."

"ओ दिलीस?"

"दिली."

आत्याने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळली. दुपारी मेट्रनने सही केली.