चौकातल्या फ्लेक्सवरची लिंक

कुडव्यातल्या आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन झालो आणि अंगात आल्यासारखं वागू लागलो. ग्रुपच्या लिंकचा क्यूआर कोड आणि शेजारी हात जोडलेला माझा फोटो, असा फ्लेक्स थेट चौकात लावला. थोड्याच दिवसांत ग्रुपमध्ये लोनवाले, लॉटरीवाले घुसले. नळ कधी येणार, तो मेसेजच सापडेना.

बायको म्हणाली, "चौकात कायले लावली जी लिंक? घराची चावीबी टांगून द्या तिथं!"

मी लिंक रिसेट केली. फ्लेक्सवरचा कोड निकामी झाला, पण आधी घुसलेले आतच राहिले. त्यांना एकेक करून काढावं लागलं.

फ्लेक्स मात्र अजून काढला नाही. फोटो फार छान आलाय.